रेग्युलेटर-इंजेक्टरच्या नावाखाली माझे १२,७०० रुपये गेले, सीएनजी ऑटोवाल्यांनो वाचा

रेग्युलेटर ७,८००, गॅसचा इंजेक्टर ३,४००, मजुरी १,५००. एकूण १२,७०० रुपये मी रोख मोजून दिले. मिळालं काय, तर माझाच जुना रेग्युलेटर, धुऊन आणि चंदेरी रंग मारून!

मी वर्धा जिल्ह्यात खेड्यापाड्यांतून सीटं नेतो. ऑटो इंजेक्शनवाला आहे, गॅस आणि पेट्रोल दोन्हींवर चालतो. दिवाळीच्या आसपास तो गचके द्यायला लागला. सीटं भरली की चढावर दम तोडायचा आणि स्विच पेट्रोलवर टाकला की आधी बंदच पडायचा. मग सेल्फ मारमारून सुरू झाला तरी गचके तेच.

गॅरेजवाल्याने सीट उचलून रेग्युलेटरवर माझा हात ठेवायला लावला. "पाय भाऊ, बर्फ धरून राह्यला. रेग्युलेटर गेला तुह्या, इंजेक्टरबी गेलं." हात खरंच गार पडला आणि मी मान हलवली. आता त्याचाच सर्वांत जास्त संताप येतो. भरलेल्या टाकीत गॅस २०० बारच्या आसपास दाबाने असतो. तो रेग्युलेटरमध्ये उतरून फुगतो, तेव्हा थंडावा येणारच. चांगल्या रेग्युलेटरलाही घाम येतो. जाड बर्फ धरून गॅसच अडायला लागला तर गोष्ट वेगळी, पण नुसता गार लागला म्हणून तो बदलायचा नसतो.

आणि खरी खूण तर माझ्यासमोरच होती. त्याने स्वतः स्विच पेट्रोलवर टाकून दाखवला आणि ऑटो पेट्रोलवरही तसाच गचकत होता. पेट्रोलवर गाडी चालते तेव्हा गॅसचा व्हॉल्व्ह बंद असतो. रेग्युलेटर आणि गॅसचा इंजेक्टर दोन्ही रिकामे बसलेले असतात. मग पेट्रोलवरचा गचका रेग्युलेटरमुळे येईलच कसा? दोन्हीकडे तोच त्रास असेल तर दोष दोघांच्या सामाईक गोष्टीत बघायचा : प्लग, प्लगची कॅप, एअर फिल्टर, व्हॉल्व्हचं सेटिंग. फक्त गॅसवरच त्रास असेल, तेव्हाच गॅसच्या फिल्टरकडे आणि रेग्युलेटरकडे वळायचं. हे त्याला माहीत नव्हतं असं मला कोणी सांगू नये. मी काही मेकॅनिक नाही. हप्त्याची तारीख डोक्यावर होती, ऑटो उभा म्हणजे घरात पैसा नाही. अशा माणसाला घाई असते हे ओळखूनच तो बोलत होता.

पैसे दिल्यावर चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. शेवटी दुसऱ्या गावच्या मिस्त्रीकडे नेला. त्याने आधी प्लग काढला. टोक झिजून फट वाढलेली, कॅपला बारीक तडा. गॅस पेटायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते, म्हणून प्लग कमजोर झाला की गॅसवर आणि भार असताना पहिल्यांदा कळतं. स्विच टाकल्यावर बंद पडायचं कारण वेगळंच निघालं. छोट्या टाकीतलं पेट्रोल महिनोन्‌महिने तसंच पडून होतं, त्याचा चिकटा पेट्रोलच्या इंजेक्टरला धरला होता. प्लग १६०, कॅप २२०, इंजेक्टरची सफाई ४००, मजुरी ३५०. सगळे मिळून १,१३० रुपये!

रेग्युलेटरची चोरी त्यानेच पकडून दिली. रंगाखालचा नंबर घासून वाचला, तर पावसाळ्यात गळती बघताना मी मोबाइलवर काढलेल्या फोटोत तोच नंबर. तुम्हीही आज फोटो काढून ठेवा. आणि काढलेला जुना भाग हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे हा दिवाणी मामला. पक्कं बिल कुठं आहे? बिल त्याने दिलंच नाही, कच्ची चिठ्ठी दिली, तीच तर फसवणूक! आरटीओत सांगितलं की गॅरेज आमच्याकडे येत नाही. ग्राहक तक्रारीसाठी गेलो तर टेबलावरचा बाबू म्हणतो, "धंद्याची गाडी आहे, तुम्ही ग्राहक नाही." कागदाकडे बघितलंही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलंय की फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत मोजायची नाही. म्हणजे स्वतःचा ऑटो स्वतः चालवणारा ग्राहकच आहे. मला हे एका ओळखीच्या वकिलाने सांगितलं, पगार घेणाऱ्या बाबूने नाही. दिवसाची कमाई बुडवून गेलेल्या माणसाला असं हाकलायचं कोणत्या हक्काने?

आता १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा आयोगाचा अर्जही तयार आहे; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. सोबत कच्ची चिठ्ठी, दोन्ही फोटो आणि दुसऱ्या मिस्त्रीचं बिल जोडलंय. ज्यांच्याकडून त्याच गॅरेजने असेच पैसे घेतले असतील, त्यांनी आपली चिठ्ठी फाडू नका.