मुरघासाचा पहिला उन्हाळा: खड्डा भरला नीट, पण रुंदीत चुकलो

आम्ही बारामती तालुक्याच्या जिरायत भागात, सुप्याच्या बाजूला राहतो. गोठ्यात सहा एचएफ संकरित गायी, त्यातल्या पाच दुधात. डेअरीचं पासबुक आणि घरची वही माझ्याकडे असते, त्यामुळे खाली दिलेले आकडे वहीतले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मक्याचा मुरघास केला, म्हणजे हिरव्या मक्याची कुट्टी खड्ड्यात हवाबंद दाबून आंबवली, ५ मार्चला खड्डा उघडला आणि जूनच्या मध्यापर्यंत मुरघासावर काढलं. आता पुन्हा मका पेरायची वेळ आली म्हणून हे लिहिते आहे.

आधी २०२४ चा उन्हाळा सांगते, नाहीतर मुरघासाकडे का वळलो ते कळणार नाही. आदल्या पावसाने दगा दिला होता आणि तालुका दुष्काळी जाहीर झाला होता. मार्चपर्यंत उसाच्या वाढ्यावर भागलं. कारखाने बंद झाले की वाढे संपतात. मग विकतचा ऊस आणि कडबा. ऊस गायी आवडीने खातात, पण त्यात गोडी सोडून फारसं काही नसतं. फेब्रुवारीत पाच गायींचं दिवसाला ५७ लिटर दूध होतं, ते एप्रिलअखेर ३९ वर आलं. त्यातून एसएनएफ, म्हणजे दुधातला फॅट आणि पाणी सोडून उरणारा भाग, ८.२ ला घसरला आणि दर कापला गेला. फॅट लागत होती, एसएनएफ लागत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, गायीच्या पोटात ताकदच जात नाही, एसएनएफ कुठून येणार?"

२०२४ ला पाऊस चांगला झाला, विहीर भरली. ऑक्टोबरच्या मध्याला २५ गुंठे आफ्रिकन टॉल मका केला. थंडीत मका सावकाश येतो, तोडणीला ९५ दिवस लागले. तोडणी कधी करायची हे कणसावरून ठरवलं. कणीस मधोमध मोडायचं आणि दाण्यावर नख दाबायचं. वरचा अर्धा दाणा घट्ट आणि खालच्या अर्ध्यात दूध असेल तर वेळ झाली. सगळंच दूध असेल तर कुट्टीतून पाणी सुटतं आणि खड्ड्यात चिखल होतो. दाणा पूर्ण वाळला तर कुट्टी दबत नाही, आत हवा राहते. दुसरी खूण मुठीची. कुट्टी मुठीत आवळून मूठ उघडायची. पाणी टपकलं तर ओली, गोळा लगेच विस्कटला तर कोरडी, आणि गोळा हळूहळू सुटला तर बरोबर. गूळपाणी आम्ही घातलं नाही. दाणा भरलेल्या मक्यात साखर पुरेशी असते, गूळ हा बिनसाखरेच्या गवताचा उपाय.

खड्डा २० फूट लांब, ६ फूट रुंद, ५ फूट खोल. म्हणजे ६०० घनफूट. नीट दाबलेला मुरघास घनफुटाला साधारण १५ किलो बसतो, म्हणजे ९ टन. रुंदी सहा फूट का, तर ट्रॅक्टर आत उतरायला पाहिजे म्हणून. त्या वेळी दुसरा विचारच आला नाही.

भरताना एक अडचण आली. पहिल्या दिवशी संध्याकाळी कडबाकुट्टीचा पट्टा तुटला. अर्धा खड्डा रात्रभर उघडा राहिला. सकाळी नवा पट्टा आणून काम पुरं केलं, वर २०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद टाकून मातीचा थर दिला आणि विसरून गेलो. मार्चमध्ये खड्डा उघडला तेव्हा ती रात्र मुरघासाच्या कापलेल्या भिंतीत दिसली. सगळा मुरघास पिवळसर हिरवा, आणि बरोबर मध्यावर हातभर उंचीचा तपकिरी पट्टा, वास तंबाखूसारखा. गायींनी तो उलट जास्त चवीने खाल्ला. पण आत तापलेला मुरघास असा गोडसर लागला तरी त्यातलं प्रथिन जळालेलं असतं, अंगी लागत नाही. तेव्हापासून आमचा नियम झाला, की कुट्टी दोन दिवस चालणार असेल तर रात्री दाबून वर कागद टाकायचाच.

वासाची तपासणी आत्यांकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे. सुरुवातीला त्यांचाच विरोध होता. "आंबलेलं घालून गायी मारताय काय?" म्हणायच्या. पहिली पाटी भरल्यावर त्यांनी मूठभर नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर दही लागल्यासारखं झालंय." वास आंबटगोड हवा. नासक्या लोण्यासारखा किंवा शेणासारखा आला तर बिघडलं समजायचं. आत्यांच्या नाकाने पुढे मोठं नुकसान टाळलं.

पहिल्या दिवशी दुधातल्या गायीमागे ३ किलो, मग वाढवत दहा दिवसांत १५ किलोवर नेलं. जोडीला ८ गुंठ्यातली लसूणघास गायीमागे ४ किलो, थोडा कडबा आणि सरकी पेंड. लसूणघास सोडायची नाही हे मी ठासून सांगते. मक्याच्या मुरघासात ताकद आहे, प्रथिन कमी. मार्चमध्ये मी पेंड एक किलोने कमी करून पाहिली, चार दिवसांत दूध तीन लिटरने उतरलं. विहिरीचं पाणी मे महिन्यात एक दिवसाआड तासभर यायचं, ते पहिलं लसूणघासाला दिलं आणि नेपियर गवताला वाळू दिलं. नेपियर पावसावर परत फुटतं. आणि मुरघास धार काढल्यावर घालायचा. आधी घातला आणि गोठ्यात हवा कोंडली तर दुधाला वास लागतो, डेअरीवर एकदा ऐकून घेतलं.

मार्चअखेर ५५ लिटर होतं. मी खूश.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चांदणीने गव्हाणीत तोंड घातलं, फुंकर मारली आणि मुरघास नाकाने बाजूला सारला. दुसऱ्या दिवशी तांबडीनेही तेच केलं. आत्यांनी मूठ उचलली आणि टाकून दिली. मी खड्ड्यात उतरून भिंतीत हात खुपसला. कोपरापर्यंत हात गेला तर आत नुकत्या धार काढलेल्या चरवीसारखं ऊन लागत होतं. वरच्या कोपऱ्यात कापसासारखी पांढरी बुरशी होती. दूध ४७ वर आलं. एका गायीला शेण पातळ झालं. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, गाभण गायीला घातलं का? बुरशीचा मुरघास गाभण गायीला अजिबात नको, गाभ टाकायची भीती असते.

चूक कुठे झाली ते त्या संध्याकाळी वहीवर हिशेब मांडल्यावर कळलं. रोजचा खप वासरांसकट ८५ किलो, म्हणजे साडेपाच-पावणेसहा घनफूट. खड्ड्याची उघडी भिंत ६ गुणिले ५, म्हणजे ३० चौरस फूट. भाग दिला तर रोज भिंत सव्वादोन इंच मागे सरकते. पण हवा त्याच्या पलीकडे शिरते आणि उन्हाळ्यात ती शिरलेली जागा दोन दिवसांत तापते. म्हणजे आम्ही रोज गायींना घालत होतो तो मुरघास आधीच हवा लागून तापायला लागलेला. थंडीत एवढ्याने कदाचित चालून गेलं असतं. उन्हाळ्यात रोज किमान सहा इंच भिंत कापली गेली पाहिजे. आमचा खड्डा चांगला भरलेला होता, पण तो पंधरा-सोळा गायींच्या गोठ्याचा होता.

भरलेला खड्डा अरुंद करता येत नाही. बॅगांत काढून ठेवावा तर काढताना सगळ्यालाच हवा लागते. मार्ग आमच्या ह्यांनी काढला. शेजारच्या अण्णांकडे चार गायी आणि अर्ध्या टनाच्या मुरघासाच्या बॅगा. हे म्हणाले, "अण्णा, तुमच्या बॅगा राहू द्या बंद. आधी दोघं मिळून आमचा खड्डा संपवू, मग तुमच्या फोडू." रोज ७० किलो त्यांच्याकडे वजन करून जायला लागलं. खप १५५ किलो झाला, भिंत चार इंच सरकू लागली. सहा नव्हे, पण ताप उतरला. सोबत कापायची पद्धतही बदलली. आधी फावड्याने मधूनच उकरायचो, त्याने आतपर्यंत भेगा पडतात. आता वरून खाली उभा काप, भिंत गुळगुळीत, आणि खाली सांडलेलं त्याच दिवशी संपवायचं. बुरशीचा सहाएकशे किलो माल उकिरड्यावर गेला.

मेमध्ये दूध सरासरी ५१ वर टिकलं आणि एसएनएफ ८.४ ते ८.५ राहिला. आता खरं सांगायचं तर यंदा दोन गायी जानेवारीत व्यायलेल्या होत्या, त्यामुळे मागच्या वर्षीच्या ३९ शी थेट तुलना करू नका. शिवाय दुपारी गायी धापा टाकत होत्या तेव्हा गव्हाण भरलेली असूनही खात नव्हत्या. उन्हाने उतरलेलं दूध चाऱ्याने परत येत नाही, त्याला सावली, पाणी आणि अंगावर फवारा लागतो. मुरघासाने आमचं मधलं मोठं घसरणं थांबवलं, एवढंच मी म्हणेन.

खड्डा मेच्या मध्याला संपला. अण्णांच्या बॅगा तीन दिवसाला एक फुटायची, एकदाही तापली नाही. बॅगेचा तो मोठा गुण. तोटा उंदरांचा. एका बॅगेला खालून बोटाएवढं भोक होतं आणि भोकाभोवती टोपलीभर काळा गाळ. बॅगा पायाने तुडवून भराव्या लागतात, त्यात दोन माणसं दिवसभर अडकतात. आम्हाला घरचा मुरघास बियाणं, खत, कुट्टी, ट्रॅक्टर आणि कागद धरून किलोला २ रुपये ७० पैसे पडला, टाकून दिलेला धरला तर २.९०. अण्णांना बॅगांचा खर्च धरून साडेतीनच्या पुढे.

२५ मेपासून पाऊस सुरू झाला, नेपियर फुटलं आणि जूनच्या मध्याला मुरघास बंद केला.

या वेळी एक मोठा खड्डा नको, दोन छोटे ठरलेत. प्रत्येकी ४ फूट रुंद, ३ फूट खोल, २५ फूट लांब. उघडी भिंत १२ चौरस फूट, म्हणजे ८५ किलोला रोज पावणेसहा इंच. परवा ह्यांनी जागेवर चुना मारला आणि विचारलं, चार फुटांत ट्रॅक्टर कसा उतरवायचा? अण्णांच्या भाच्याकडे द्राक्षबागेतला छोटा ट्रॅक्टर आहे, त्याची रुंदी मोजायला उद्या टेप घेऊन जाणार आहेत.