फ्रेंचमध्ये भाववाढ सांगायची: 'नाइलाज' की 'लोणी महागलं'?

समजा फ्रान्समधली छोटी बेकरी आहे, क्रोसाँ 1.20 युरोचा 1.30 होणार आणि रोजच्या गिऱ्हाइकांसाठी पाटी लिहायचीय.

पहिला पर्याय, 'नू सॉम कोंत्रँ दोग्मांते नो प्री', म्हणजे नाइलाजाने भाव वाढवतोय. व्याकरण बरोबर, सभ्यही आहे, पण कशाचे भाव, किती, कधीपासून हे काहीच कळत नाही, त्यामुळे माणूस काउंटरवर येऊन विचारतोच.

दुसरा, 'आ पार्तीर द्यु प्रमिये मार्स, ल क्रोसाँ पासरा द 1,20 आ 1,30 युरो', म्हणजे 1 मार्चपासून क्रोसाँ 1.20 वरून 1.30 युरो होईल, पुढे एकच कारण की लोणी महागलंय, आणि 'बॅगेत' या लांब पावाचा भाव तोच राहणार. मला हाच पटतो, कारण क्रोसाँत लोणी किती असतं ते तिथे सगळ्यांना माहितीये.

शेवटी 'कोंप्रेआंस्याँ'बद्दल, म्हणजे समजून घेतल्याबद्दल नको, 'फिदेलिते'बद्दल, म्हणजे नेहमी आमच्याकडेच येता त्याबद्दल मेर्सी, धन्यवाद म्हणा, समजून घेतलंच असं आधीच गृहीत धरू नका.