ब्लॉक करायचं की आर्काइव्ह? जुन्या चॅटचं काय होतं ते आधी बघा

आमचे दाजी तासगावकडे बेदाणा करतात. माल कोल्ड स्टोरेजला, सौदा अडत्यामार्फत आणि हिशोबाची पट्टी फोटो काढून व्हॉट्सॲपवर. पैशाच्या तारखेवरून अडत्याशी वाजलं, तसे ते फोन घेऊन माझ्याकडे आले. "ह्याला ब्लॉकच करतो. पण जुन्या पट्ट्या जात्यात का रं?"

पट्ट्या जात नाहीत. व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलं तरी आधीचं सगळं चॅट दोघांच्याही फोनमध्ये जागच्या जागी राहतं. वर सरकवत गेलं की वर्षापूर्वीची पट्टीही सापडते. त्यामुळे 'अनब्लॉक केल्यावर जुनं परत येईल का' हा प्रश्नच उरत नाही, कारण ते कुठं गेलेलंच नसतं.

जातं ते मधल्या दिवसांचं. समजा, दाजींनी सोमवारी ब्लॉक केलं, बुधवारी अडत्यानं उरलेल्या मालाची पट्टी पाठवली आणि शनिवारी दाजींनी अनब्लॉक केलं. बुधवारची पट्टी शनिवारी येत नाही, नंतरही कधी येत नाही. अडत्याच्या फोनवर ती एका टिकसह पडून राहते. त्याला वाटतं, दाजींचं नेट बंद असेल. त्यानं ती पुन्हा पाठवली तरच मिळते. म्हणजे आता दोघांच्या फोनमध्ये एकच चॅट वेगवेगळं दिसतं, आणि भांडण हिशोबाचं असेल तर "मी पाठवलीय, हे बघा" आणि "मला आलीच नाही" हे दोन्ही खरं असतं. माझ्या मते पैशाचा व्यवहार अर्धवट असताना ब्लॉक न करण्याचं हे एकच कारण पुरेसं आहे. शिवाय दोघं एकाच ग्रुपमध्ये असतील तर तिथं एकमेकांचे मेसेज दिसतच राहतात, त्यामुळे तोंड टाळायचं असेल तर तेही पूर्ण टळत नाही.

साध्या एसएमएसचं गणित मात्र उलटं आहे. अँड्रॉइडवरच्या गूगलच्या Messages ॲपमध्ये नंबर ब्लॉक केला की जुनं संभाषणच समोरच्या यादीतून उठतं आणि Spam & blocked या कप्प्यात जाऊन बसतं. माणूस घाबरतो, पुसलं गेलं म्हणतो. पुसलेलं नसतं. अनब्लॉक केलं की ते पुन्हा यादीत येतं, आणि मधल्या काळात आलेले एसएमएसही त्याच कप्प्यात सापडतात. आयफोनवर पुन्हा वेगळं: जुनं जागेवर राहतं, मधलं मिळत नाही.

आता व्हॉट्सॲपचं आर्काइव्ह. चॅट दाबून धरलं की वर Archive चं चिन्ह येतं. चॅट यादीतून बाजूला होतं आणि सेटिंगमधलं Keep chats archived चालू असेल तर नवा मेसेज आला तरी ते वर उसळत नाही, आवाजही होत नाही. मेसेज मात्र पोहोचतात, म्हणजे बुधवारची पट्टी हरवत नाही. उणीव एवढीच की व्हॉट्सॲप कॉल वाजतात, कारण आर्काइव्ह कॉल अडवत नाही. ज्याचा त्रास कॉलचाच आहे, त्याला आर्काइव्हचा उपयोग नाही, त्यानं ब्लॉकच करावं.

खरा धोका ब्लॉकच्या शेजारी असतो. ब्लॉक करताना जो चौकोन उघडतो, त्यात रिपोर्ट करायचाही पर्याय असतो. रिपोर्ट केलं की समोरच्याचे शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात आणि त्यासोबत चॅट पुसण्याची सोयही येते. घाईत ती खूण राहिली आणि चॅट पुसलं गेलं, तर अनब्लॉक करून काही उपयोग नाही. मग उरतो फक्त बॅकअप. रोजचा बॅकअप चालू असेल तर रात्री दोनच्या सुमारास नवा होतो आणि ड्राइव्हवरच्या आदल्या दिवसाच्या बॅकअपची जागा घेतो. म्हणून दुपारी पुसलं असेल तर त्याच दिवशी हालचाल करावी लागते. अँड्रॉइड फोनच्या आत साधारण सात दिवसांच्या प्रती असतात, पण जुनी प्रत आणली की त्यानंतरचे सगळ्यांचेच मेसेज जातात. तोटा कुठंतरी होतोच.

आणखी एक. त्या चॅटला आपोआप गायब होण्याची मुदत, 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवस, लावलेली असेल तर ब्लॉक केल्यानं ती थांबत नाही. मुदत लावल्यानंतर आलेल्या पट्ट्या ती संपली की जातात.

दाजींना मी आधी चॅटमध्ये तीन ठिपके, More, Export chat असं करून, फोटोंसकट सगळं त्यांच्या लेकीच्या ईमेलवर पाठवायला लावलं. जे फोटो उघडलेच नव्हते, तेही आधी उतरवून घेतले, कारण बराच काळ तसेच ठेवलेले फोटो नंतर उतरत नाहीत. मग चॅट आर्काइव्ह केलं. "पैसं मिळू द्यात, मग बघतो त्याच्याकडं," म्हणून दाजी गेले.