टाकी ‘१’ धरायची की ६०?

नळ-टाकीच्या गणितात एकूण काम १ धरायचं की लसावि, यात बरेच जण अडकतात, म्हणून एकच गणित दोन्हीकडून बघू. अ नळ टाकी १२ तासात भरतो, ब १५ तासात भरतो, क मात्र २० तासात रिकामी करतो. अ-ब ४ तास चालले, मग क पण उघडला, एकूण वेळ किती?

१ धरलं तर अ-ब चा ताशी वेग १/१२ अधिक १/१५, म्हणजे ३/२०, ४ तासात ३/५ टाकी भरते, उरली २/५, पुढचा वेग ३/२० वजा १/२०, म्हणजे १/१०, अजून ४ तास. बरोबर येतं, पण प्रत्येक पायरीला छेद जुळवा.

लसावि ६० धरला की अ चे ताशी ५ युनिट, ब चे ४, क चे उणे ३. ४ तासात ३६ झाले, उरले २४, वेग ६, परत ४ तास, एकूण ८. चूक होते ती उण्याच्या चिन्हात, तेव्हा ताळा बघा, क नसता तर ६ तास ४० मिनिटं लागली असती, उत्तर त्याहून कमी आलं तर क ची बेरीज झालीय. आणि हे ६० म्हणजे लिटर नाहीत हं, गणितात लिटर दिले असतील तर आधी एक युनिट किती लिटरचं ते काढा.

वेळा आकड्यात दिल्या असतील तर डोळे झाकून लसावि घ्या, वेळच क्ष असेल तर १ धरून समीकरण मांडणं सोपं.