रॉकवेल मशीन आणि प्रमाणित ब्लॉक: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या हीट ट्रीटमेंट खात्यात धातूची कठिणता मोजणारं टेबलावरचं डिजिटल रॉकवेल मशीन आणि ते तपासायला ठरलेल्या कठिणतेचे, HRC स्केलचे तीन प्रमाणित ब्लॉक घेऊन आता बरेच महिने झाले. मशीन चांगलं आहे, पण त्याच्यावर विश्वास बसला तो ब्लॉकमुळे.

या चाचणीचं मानक ASTM E18 मशीनच्या रोजच्या तपासणीला ब्लॉकवर किमान दोन ठसे मागतं. आम्ही पाच घेतो, कारण दोन आकड्यांत पसारा दिसतच नाही. एका सकाळी 62.4 च्या ब्लॉकवर 61.5, 62.6, 62.0, 62.7, 62.4 अशी रीडिंग आली. सरासरी 62.24, म्हणजे चूक फक्त 0.16. शिफ्टवाल्याने ‘ओके’ लिहिलंही. पण सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान रीडिंगमधलं अंतर 1.2 होतं, आणि 60 ते 65 च्या ब्लॉकसाठी मर्यादा 1.0 आहे. मशीन नापास.

HRC चा एक अंक म्हणजे 2 मायक्रॉन खोली. इंडेंटरच्या हिऱ्याच्या टोकावर आधी 10 किलोचा प्राथमिक भार बसतो, मग एकूण 150 किलो, आणि प्राथमिक भारावर परत आल्यावर खोली किती वाढली ते मोजलं जातं. मधल्या काळात ब्लॉक ज्यावर टेकतो ते ॲन्व्हिल जरा जरी खचलं तरी ते खोलीत धरलं जातं आणि रीडिंग उतरतं. आमची खटकणारी रीडिंग खालच्या बाजूलाच होती, म्हणून इंडेंटरला हात न लावता ॲन्व्हिल काढलं. त्याच्या बैठकीखाली शॉट ब्लास्टिंगची बारीक धूळ होती. पुसून परत बसवलं, बैठक दबावी म्हणून पहिली रीडिंग सोडून दिली. मग 62.2, 62.4, 62.3, 62.4, 62.3 आली.

पुढे याच्या उलट दिसलं. याच ब्लॉकवर रीडिंग हळूहळू वर सरकत 63.1 च्या आसपास गेली, पण पसारा 0.3 च्या आत. 25 चा ब्लॉक मात्र बरोबर दाखवत होता. हिऱ्याचं टोक बोथट झालं की ते कमी खोल जातं, आणि कठीण ब्लॉकवर ठसा मुळात उथळ असल्याने फरक तिथे आधी उठून दिसतो. भिंगाखाली टोक झिजलेलं दिसलं. नवा इंडेंटर लावला आणि पूर्ण पडताळणी पुन्हा करून घेतली.

ब्लॉक घेणाऱ्यांनी प्रमाणपत्रात ब्लॉकचा स्वतःचा पसारा किती दिलाय ते जरूर बघा. तोच जास्त असेल तर दोष मशीनवर टाकता येत नाही. दोन ठशांच्या केंद्रांत ठशाच्या व्यासाच्या किमान तिप्पट अंतर ठेवा, नाहीतर शेजारच्या ठशाने कडक झालेल्या धातूवर टोक पडतं. आणि ब्लॉक उलटा करून मागची बाजू वापरू नका. ठशांच्या उठलेल्या कडांवर तो टेकतो, आणि धुळीने केला होता तोच घोळ पुन्हा होतो.

ब्लॉक महाग वाटतात. पण जागा भरली की नवा घ्यायचाच, हा खर्च मशीनच्या किमतीत आधीच धरा.