‘ईएडी काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी

राजारामपुरीतल्या एका घरातून पाच महिन्यांत 3 लाख 65 हजार रुपये गेले. मुलगी टेक्सासमध्ये, नवऱ्याच्या एच-1बी या नोकरीच्या व्हिसामुळे एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर गेलेली. इथे कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या कॉलेजात सहा वर्षं शिकवत होती. तिकडे दोन वर्षं घरी बसून झाली, त्यामुळे "ईएडी काढून देतो, कार्ड आलं की नोकरीही लावून देतो" असं कोणी म्हटल्यावर तिला आणि तिच्या वडिलांना ते हवंहवंसं वाटलं. कोल्हापुरात दोन खोल्यांचं ऑफिस, भिंतीवर अमेरिकेचा नकाशा, समोर बसलेला माणूस अस्खलित मराठी बोलणारा. "काका, पोरीचं कार्ड आलंच समजा."

तिची संमती घेऊन हा सगळा हिशोब इथे मांडतो आहोत. अशाच पद्धतीने अजून कोणाचे पैसे जाऊ नयेत.

ईएडी म्हणजे अमेरिकेत काम करण्याची परवानगी देणारं कार्ड. ते एच-4 वर असलेल्या प्रत्येकाला मिळत नाही. 26 मे 2015 पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे दोनच परिस्थितींत अर्ज करता येतो. एक, नवऱ्याचा (किंवा बायकोचा) आय-140 हा ग्रीनकार्डच्या वाटेवरचा अर्ज मंजूर झालेला असावा. दोन, ग्रीनकार्डची प्रक्रिया वेळेत सुरू झाल्यामुळे त्याला सहा वर्षांच्या मर्यादेपुढे एच-1बी वाढवून मिळालेला असावा. इथे मंजूर हा शब्द महत्त्वाचा. आय-140 नुसता दाखल झालेला चालत नाही, आणि कंपनीने त्याआधीची कामगार खात्याची पायरी सुरू केली आहे एवढ्याने तर मुळीच नाही. या मुलीच्या नवऱ्याचं प्रकरण त्या पहिल्याच पायरीवर होतं. म्हणजे ज्या दिवशी पैसे घेतले, त्या दिवशी तिला ईएडी मिळणं शक्यच नव्हतं. एजंटाने मात्र सांगितलं, "प्रोसेस सुरू आहे ना, तेवढं पुरतं." अख्खी फसवणूक या एका वाक्यावर उभी होती. नवऱ्याने कंपनीच्या एचआरला एक मेल टाकून "माझा आय-140 मंजूर आहे का, असल्यास मंजुरीच्या नोटिशीची प्रत द्या" असं विचारलं असतं, तर दोन दिवसांत उलगडा झाला असता.

आता पैसे कसे गेले ते बघा. पहिले 25 हजार नोंदणीचे. मग 70 हजार "सरकारी फी". खरी फी त्या अर्जाला, म्हणजे आय-765 ला, 1 एप्रिल 2024 पासून कागदी अर्जासाठी 520 डॉलर आहे. तेव्हाच्या दराने साधारण 45 हजार रुपये. ती अमेरिकन सरकारच्या इमिग्रेशन विभागाकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे भरायची असते, कोल्हापुरातल्या कोणाच्या खासगी खात्यात यूपीआयने नाही. तिसरा हप्ता सगळ्यात मोठा होता, 1 लाख 50 हजार, "तातडीच्या प्रोसेसिंगचा". एच-4 च्या ईएडीला जादा फी भरून लवकर निकाल घेण्याची सोय मुळात ठेवलेलीच नाही. ती सोय काही ठरावीक अर्जांना आहे, त्यात शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीसाठी विद्यार्थी करतात तो अर्ज येतो. भाची-पुतणीने ती वापरलेली असते, म्हणून घरच्यांना ऐकल्यासारखं वाटतं आणि शंका येत नाही. वर बोटांच्या ठशांची वेगळी फी म्हणूनही मागणी झाली होती, पण वडिलांनी ती नशिबाने पुढे ढकलली. 2024 च्या त्याच बदलांपासून बहुतेक अर्जांत ती वेगळी घेतलीच जात नाही.

हप्ता घेतल्यावर दोन आठवड्यांनी व्हॉट्सॲपवर पावतीचा फोटो आला. वर निळ्या अक्षरांत त्या विभागाचं नाव, खाली पावती क्रमांक. सोबत त्या क्रमांकाची स्थिती दाखवणारा स्क्रीनशॉट: अर्ज मिळाला, प्रक्रिया सुरू आहे. मुलीने आणि वडिलांनी दोघांनी तो फोटो पाहून समाधान मानलं. पाच महिन्यांनी तिच्या शेजारणीने तोच क्रमांक स्वतः `egov.uscis.gov` या सरकारी पानावर टाकला. क्रमांक खरा निघाला. पण खालच्या मजकुरात Form I-130 असं आलं, म्हणजे कोणा तिसऱ्याच माणसाचा, नातेवाइकांना बोलावण्याचा अर्ज. एजंटाने खराच कोणाचा तरी क्रमांक उचलला होता आणि स्क्रीनशॉट काढताना फॉर्मचं नाव असलेली ओळ कापून टाकली होती. म्हणून स्क्रीनशॉट कधीच पुरावा मानू नका. क्रमांक स्वतःच्या हाताने टाका आणि त्या वाक्यात I-765 लिहिलंय का ते वाचा. क्रमांकाची ठेवणही ठरलेली असते: तीन अक्षरं आणि मग दहा आकडे, उदाहरणार्थ IOE ने सुरू होणारे. आकडे मोजा. आणि पावतीची कागदी प्रत तुमच्या अमेरिकेतल्या पत्त्यावर पोस्टाने येते. त्यावर तुमचं नाव आणि पासपोर्टवरचं स्पेलिंग जुळलं पाहिजे. एजंटाकडचा फोटो हाच एकमेव कागद असेल, तर अर्ज दाखलच झालेला नाही असं धरून चाला.

उरलेले 1 लाख 20 हजार "ट्रेनिंग आणि प्लेसमेंटचे". यातला भाग पैशापेक्षा जास्त घातक होता. कार्ड येईपर्यंत रिकामी बसू नकोस म्हणून एका अमेरिकन ग्राहकाचं डेटा तपासायचं काम तिला घरी बसून करायला लावलं. मोबदला कोल्हापुरातल्या खात्यात जमा होईल, म्हणजे ही "अमेरिकेतली नोकरी धरत नाहीत" असं समजावलं. हे साफ चुकीचं आहे. अमेरिकन नियमांत कामाची व्याख्या आहे ती अमेरिकेत राहून दुसऱ्यासाठी केलेलं काम अशी. पगार कुठल्या देशात, कुठल्या बँकेत पडतो याने ती बदलत नाही. परवानगीशिवाय केलेलं काम ग्रीनकार्डच्या वेळी विचारलं जातं. तेव्हाच्या अर्जात मागच्या पाच वर्षांची नोकरीची माहिती भरावी लागते, आणि ती खोटी भरली तर मूळ चुकीपेक्षा मोठं प्रकरण होतं. नोकरीच्या मार्गाने ग्रीनकार्ड घेणाऱ्या कुटुंबांना शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतर एकूण 180 दिवसांपर्यंतच्या अशा चुकीला कायद्यात सूट आहे, पण त्या सूटीवर भिस्त ठेवून काम सुरू करणं म्हणजे विहिरीत उडी मारून मग दोर शोधणं. ज्यांच्याकडून हे घडून गेलंय त्यांनी ते काम आज थांबवावं आणि इमिग्रेशन वकिलाला सगळं खरं सांगावं, लपवू नये.

तिच्या रेझ्युमेतही त्यांनी हात घातला होता. अध्यापनाची सहा वर्षं काढून त्या जागी हैदराबादच्या एका कंपनीत टेस्टिंगचा अनुभव लिहिला होता. "गॅप दिसला की कॉल येत नाही" हे कारण. खरं तर शिकवलेली सहा वर्षं हीच तिची जमेची बाजू होती. खोटा अनुभव पार्श्वभूमी तपासणीत सापडतो आणि कंपनी ऑफर मागे घेते. त्या वेळी एजंट बाजूला होतो, सही तिची असते.

ज्यांचा आय-140 मंजूर आहे त्यांच्यासाठी खरी वाट इतकीच आहे. `i94.cbp.dhs.gov` वरून अमेरिकेतल्या प्रवेशाची स्वतःची आय-94 नोंद काढा आणि त्यावर H-4 आणि मुदतीची तारीख बघा. कार्डाची मुदत साधारणपणे त्या तारखेपलीकडे जात नाही. मग आय-765 भरताना पात्रतेच्या रकान्यात

```
(c)(26)
```

असंच लिहा. सोबत आय-94, पासपोर्टची प्रत, दोन फोटो, विवाह नोंदणीचा दाखला, नवऱ्याच्या एच-1बी आणि आय-140 च्या नोटिशींच्या प्रती जोडा. लग्नाची नोंद महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत झाली नसेल, तर निघायच्या आधीच करून घ्या. लग्नपत्रिका आणि फोटो यांनी दाखल्याचं काम होत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर हवा असेल तर त्याच फॉर्ममध्ये मागता येतो, वेगळ्या फीची गरज नाही. कार्ड संपायला 180 दिवस उरले की नूतनीकरणाचा अर्ज घालता येतो, आणि आता तो उशिरा घालून चालत नाही. 30 ऑक्टोबर 2025 पासून दाखल केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना जुन्या कार्डाची आपोआप मुदतवाढ मिळणं बंद झालं आहे. कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर नोकरी थांबवावी लागते.

कार्ड हातात आल्यावर कोणत्याही कंपनीत काम करता येतं, "स्पॉन्सर" लागत नाही. त्यामुळे प्लेसमेंटसाठी पैसे मागणाऱ्याकडे विकण्यासारखं काही नाही. परदेशात नोकरी लावून देतो म्हणून भारतात व्यवसाय करणाऱ्याला 1983 च्या कायद्याखाली सरकारी नोंदणी लागते आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला 30 हजार रुपये अधिक जीएसटी एवढी मर्यादा आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि `emigrate.gov.in` वर शोधा.

ज्यांना अजून पात्रताच नाही, त्यांना एच-4 वर शिक्षण घेता येतं, पदवीलाही प्रवेश घेता येतो, व्हिसा बदलावा लागत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या पदव्यांचं मूल्यांकन करून घ्यायचं असेल तर सीलबंद ट्रान्सक्रिप्ट इथे असतानाच काढा. तिकडून वडिलांना विद्यापीठात खेटे घालायला लावणं त्रासाचं होतं.

या घरच्यांनी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तो पाचव्या महिन्यात. तोवर खातं रिकामं होतं. हा क्रमांक पहिल्या काही तासांत उपयोगी पडतो, कारण तेवढ्यात बँका पैसे रोखू शकतात. उशीर झाला तरी `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, व्हॉट्सॲपचं संपूर्ण संभाषण आणि ती बनावट पावती, तिन्ही जोडा. फोन बदलण्याआधी चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. या प्रकरणात पोलिसांच्या हाती लागण्यासारखं जे काही उरलं, ते वडिलांनी चॅट पुसली नव्हती म्हणून.