प्रोफाइलवर एकच पोस्ट पिन : एका लग्नसराईचा अनुभव

लग्नाचे फोटो काढणं हा माझा धंदा. इन्स्टाग्राम प्रोफाइलच्या वर तीन पोस्ट पिन करू देतं. या सीझनला मी एकच ठेवली.

आधी वर प्री-वेडिंगची रील असायची, सगळ्यात जास्त व्ह्यूजवाली. तळ्याकाठची संध्याकाळ, रंगीत धूर, स्लो मोशन. प्रोफाइल बघणारे भरपूर, पण मेसेज एवढाच : "रेट?" आकडा कळवला की पुढून उत्तर नाही. ज्यांच्या घरचं लग्न दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर, बंद कार्यालयात आहे, त्यांना त्या धुरातून काय कळणार?

आता पिन आहे ती एकाच लग्नाची कॅरोसेल, हळदीपासून पाठवणीपर्यंत क्रमानं. पहिला फोटो अक्षता पडतानाचा आणि त्यावर जाड अक्षरात "सोलापूरचं एक लग्न, एक दिवस". ग्रिडमध्ये फोटो जेमतेम अंगठ्याएवढा दिसतो आणि कडा कापल्या जातात, म्हणून अक्षरं मधोमध. आतला सगळ्यात कामाचा फोटो मात्र साधा आहे : स्टेजवर एलईडी वॉलसमोर उभं कुटुंब. त्या जांभळ्या उजेडात चेहरे जांभळे झालेत की नाही, हे मुलीकडची माणसं झूम करून बघतात. शेवटी उघडलेला अल्बम, आणि एका स्लाइडवर आमचे किती जण येणार, काय काय मिळणार, दर कुठून सुरू.

दर लिहिला तर गिऱ्हाईक पळतं, असं धंद्यातले मित्र म्हणतात. काही पळतातच. पण ते नाहीतरी फोनवर दहा मिनिटं घेऊन पळणार होते. आता मेसेज येतो तो "फेब्रुवारीतलं लग्न, होटगी रोडचं कार्यालय, हळद आदल्या दिवशी, तारीख मोकळी आहे का?" असा, कारण त्याच स्लाइडवर तारीख, कार्यालय आणि कार्यक्रम एवढंच कळवा असं लिहिलंय. कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपची लिंक बायोत :

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=पिन%20पोस्ट%20पाहिली.%20तारीख:
```

या ठरलेल्या वाक्यानं सुरू होणारा मेसेज प्रोफाइलवरून आलाय हे लगेच कळतं. पोस्ट खरंच पाहिली की नुसती लिंक दाबली, हे मात्र विचारावं लागतं.

फरक मोजताना नुसत्या चौकशा मोजू नका. चातुर्मासात मुहूर्त फारसे नसतात, तुळशीच्या लग्नानंतर फोन आपोआप वाढतात. इनसाइट्समधल्या प्रोफाइल भेटी घ्या आणि शंभर भेटींमागं तारखेसकट किती मेसेज आले ते बघा, तेही सीझनची सीझनशी तुलना करून. पिननं नवीन माणसं येत नाहीत. आलेल्यांतली किती बोलतात, एवढंच बदलतं. माणसं आणायला रील लागतेच, ती खाली आहे.

एक उणीव राहिली. सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू कुटुंबं विचारतात, "आमच्यातलं लग्न केलंय का?" वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात तो जिलकर्रा-बेल्लमचा क्षण कधी येतो, तेव्हा कुठं उभं राहायचं, हे फोटोग्राफरला माहीत आहे का ते त्यांना बघायचं असतं. मराठी लग्नाच्या कॅरोसेलमधून ते दिसत नाही. त्यांच्यासाठी सध्या वेगळी हायलाइट केली आहे, पण ती उघडणारे कमी. पुढच्या सीझनला पिनची दुसरी जागा त्या लग्नाला देणार.